‘०.६’ कशावरून?

जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचं लोड शेड्यूल म्हणजे दोन-तीन पानांचा तक्ता. यंत्राचं नाव, नग, अश्वशक्ती, मिळून किलोवॉट, आणि शेवटच्या रकान्यांत दोन छोटे आकडे: डायव्हर्सिटी फॅक्टर आणि स्पेअर, म्हणजे राखीव क्षमता. रोहित्र केवढं घ्यायचं, मुख्य केबल किती जाडीची टाकायची, महावितरणकडे करार मागणी किती नोंदवायची, हे सगळं याच दोन आकड्यांवरून ठरतं. तरी दुसरा अभियंता जेव्हा हा तक्ता तपासतो तेव्हा बेरजा पाहतो, केबलचा व्होल्टेज ड्रॉप पाहतो, ब्रेकरचं रेटिंग पाहतो, आणि या दोन आकड्यांपाशी आला की ‘०.८ करावा’, ‘स्पेअर दाखवावा’ असे चार शब्द लिहून पुढे जातो. पीअर रिव्ह्यूतली ही सवय मला घातक वाटते. डायव्हर्सिटी फॅक्टर हे यंत्रांच्या आणि माणसांच्या वागण्याबद्दलचं विधान असतं: ही सगळी यंत्रं एकाच वेळी पूर्ण भाराने चालणार नाहीत, असं विधान. विधानाला कारण लागतं. तपासणाऱ्याचं पहिलं काम ते कारण मागण्याचं आहे; आकडा बदलून देणं हे त्याचं कामच नव्हे. आणि राखीव क्षमता ही त्या विधानातून उरलेली शिल्लक नसते, ती वेगळी मोजून वेगळी द्यावी लागते. या दोन गोष्टी नीट धरल्या तर लोड शेड्यूलमधल्या बहुतेक गंभीर चुका कागदावरच सापडतात, आणि जालन्यासारखा जिल्हा हे तपासून पाहायला फार चांगली जागा आहे.

मूळ कल्पना साधी आहे. शंभर घरांच्या वेगवेगळ्या कमाल मागण्यांची बेरीज केली तर ती त्या शंभर घरांना मिळून एका क्षणी लागणाऱ्या विजेपेक्षा बरीच जास्त भरते, कारण कुणाचा गिझर सहाला चालू होतो, कुणाचा आठला. बेरजेला प्रत्यक्ष एकत्रित मागणीने भागलं की जो आकडा येतो तो काटेकोर अर्थाने डायव्हर्सिटी फॅक्टर, आणि तो एकापेक्षा मोठा असतो. आपल्याकडच्या तक्त्यांत मात्र त्याचा व्यस्त लिहायची पद्धत आहे, एकापेक्षा लहान, म्हणजे सरळ गुणता येतो. या लेखात मी तीच पद्धत धरतो. १८९२ मध्ये शिकागो एडिसन कंपनीची सूत्रं हाती घेतलेल्या सॅम्युएल इन्सुल यांनी आपला सारा व्यवसाय या कल्पनेवर उभारला. संध्याकाळचे दिवे, सकाळ-संध्याकाळच्या ट्राम, दिवसभराचे कारखाने अशी वेगवेगळ्या वेळी वीज मागणारी गिऱ्हाइकं त्यांनी मुद्दाम एका वीजकेंद्राखाली आणली आणि त्याच यंत्रसामग्रीतून कितीतरी जास्त वीज विकली. इन्सुल यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी विविधता गृहीत धरली नाही. कोण केव्हा वीज वापरतो आणि का, हे आधी पाहिलं. विविधता येते ती वेळा एकमेकींवर अवलंबून नसतात म्हणून. हे स्वातंत्र्य जिथे संपतं तिथे गुणक एकाकडे सरकतो, तक्त्यात काहीही छापलेलं असो.

जालना जिल्ह्यात हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते शेतातल्या डीपीवर. एका रोहित्रावर वीस शेतकऱ्यांचे पंप आहेत असं समजा. प्रत्येकाची विहीर वेगळी, पीक वेगळं, पाण्याची गरज वेगळी. कागदावर पाहिलं तर विविधतेचं याहून चांगलं उदाहरण नाही. मोसंबीला पाणी देणाऱ्याने आणि हरभऱ्याला देणाऱ्याने एकाच वेळी पंप का लावावा? पण शेतीची थ्री-फेज वीज ठरावीक तासच, पाळीपाळीने मिळते. मिळालेला प्रत्येक तास वापरायचा असतो. रात्रीच्या पाळीला शेतात जाणं जिवावरचं असतं, म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला असतो. वीज आली की वीसही पंप त्याच क्षणी सुरू होतात, तेही चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट सुरुवातीचा प्रवाह ओढत. इथे वेळ शेतकरी ठरवत नाही, पुरवठा ठरवतो. गुणक एक, आणि सुरुवातीच्या काही सेकंदांत परिणाम त्याहूनही वाईट. पाच अश्वशक्तीचा पंप साधारण ५ ते ५.५ केव्हीए घेतो. म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीवर अठराव्या-एकोणिसाव्या पंपाशीच क्षमता संपते. त्यावर ‘सगळे काही एकदम चालत नाहीत’ म्हणून आणखी पंप जोडणं म्हणजे नसलेल्या कारणावर विसंबणं. डीपी जळाली की दोष अनधिकृत आकड्यांना दिला जातो, आणि तो बऱ्याचदा खराही असतो. पण सगळे पंप अधिकृत असले तरी गणित हेच राहतं.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीतले पोलादाचे कारखाने आहेत, इंडक्शन भट्ट्या आणि टीएमटी सळ्यांच्या रोलिंग मिल. तिथे उलट प्रकार दिसतो. काही भट्ट्यांत एकाच पॉवर पॅनलवर दोन मुशी जोडलेल्या असतात. एकीत माल वितळत असतो तेव्हा दुसरीत वितळलेला माल गरम राखण्यापुरती वीज जाते, आणि दोन्ही मिळून पॅनलच्या मर्यादेपलीकडे ओढूच शकत नाहीत. दोन्ही मुशींची क्षमता बेरजेत धरली असेल तर इथे ०.५ चा गुणक निर्धास्तपणे मान्य करावा, कारण त्यामागे तांब्या-लोखंडातलं कारण उभं आहे. आकडा लहान आहे एवढ्यावरून त्याला चूक म्हणता येत नाही. पण त्याच कारखान्यात ‘दोन स्वतंत्र भट्ट्या एकदम पूर्ण भाराने चालणार नाहीत’ असं लिहिलं असेल, तर विचारावं लागेल की त्यांना कोण अडवणार आहे. राज्यात अनेक वर्षं रात्री दहा ते सकाळी सहा वापरलेल्या विजेला दरात सवलत मिळत होती. वीज हाच ज्याचा मोठा खर्च आहे तो कारखानदार सवलतीच्या तासांत सगळ्या भट्ट्या एकदम चालवणारच. मागणी पसरावी म्हणून केलेली दररचना त्या कारखान्याच्या आतली विविधता पुसून टाकते. म्हणजे कारण शोधायला यंत्राच्या कॅटलॉगपुरतं थांबून चालत नाही. पुरवठ्याचं वेळापत्रक, दरपत्रक आणि हंगामही पाहावा लागतो.

आता मूळ तक्त्याकडे. जालन्यात कापसाचं क्षेत्र मोठं, त्यामुळे जिनिंग कारखाना हा इथला अगदी नेहमीचा ग्राहक. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाचा चौथा भाग तर जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणासाठीच होता. समजण्यासाठी एक नमुन्याचा कारखाना घेऊ. पाच अश्वशक्तीचे, म्हणजे ३.७ किलोवॉटचे, २४ डबल रोलर जिन. त्यांचे जवळपास ८९ किलोवॉट. कापूस ओढणारे आणि रुई वाहून नेणारे पंखे ६० किलोवॉट. पट्टे, स्क्रू कन्व्हेयर आणि साफसफाईची यंत्रं ३०. गाठी बांधणारी हायड्रॉलिक प्रेस ५५. आर्द्रता देणारी यंत्रणा आणि रोलर घासण्याची कार्यशाळा १५. अग्निशमन पंप ३७. ऑफिस, वजनकाटा, आवारातले दिवे १५. एकूण जोडभार ३०१ किलोवॉट. सादर झालेल्या शेड्यूलमध्ये तळाशी एकच ओळ आहे: ‘डायव्हर्सिटी ०.६, कमाल मागणी १८० किलोवॉट, पॉवर फॅक्टर ०.९, म्हणून २०० केव्हीए रोहित्र’. स्पेअरच्या रकान्यात लिहिलंय ‘उपलब्ध’. किती, कुठे, हे नाही.

या ओळीवर ‘०.८ करावा’ असं लिहिणारा तपासनीस योगायोगाने सुरक्षित बाजूला पोहोचेल, पण चूक जिथे आहे तिथे त्याचा हात लागणार नाही. चूक अशी की सात वेगळ्या स्वभावांच्या भारांना एकच गुणक लावला आहे. जिन एका रांगेत असतात आणि त्यांना एकच कन्व्हेयर कापूस पुरवतो. दसरा-दिवाळीपासून आवक सुरू झाली, आवारात कापसाचे ढीग लागले, की ही रांग तिन्ही पाळ्यांत चालते. रोलर बदलण्यासाठी दोनेक यंत्रं बंद असतील, बाकी बावीस चालूच. एक जिन चालू असताना दुसरा बंद ठेवण्याचं कारण या कारखान्यात नाही, कारण ती चोवीस स्वतंत्र यंत्रं नाहीतच, एका प्रक्रियेचे चोवीस भाग आहेत. पंख्यांचं तर त्याहून सोपं: एकही जिन चालू असेल तर कापूस ओढणारा पंखा चालूच लागतो. प्रेसचं वेगळं. ती गाठ दाबताना पूर्ण जोर लावते आणि मधल्या वेळात रिकामी फिरते, म्हणून मागणी मोजण्याच्या ठरावीक मिनिटांच्या सरासरीत ती बरीच खाली येते. तिच्या बाबतीत गुणक खरा आहे, आणि कारण तिच्या कामाच्या चक्रात आहे.

तर प्रत्येक ओळ तिच्या कारणासह मोजू. मोटरच्या पाटीवरचे किलोवॉट हे शाफ्टवर मिळणारे असतात. वायरमधून त्याहून जास्त यावे लागतात, कारण थोडी वीज मोटरच खाते. शेड्यूलमध्ये हा फरक विसरण्याची चूक फार नेहमीची. उलट बाजूने, मोटर सहसा पूर्ण क्षमतेला नसते. जिनची मोटर ८५ टक्के भाराने चालते आणि तिची कार्यक्षमता ८८ टक्के आहे असं धरलं, तर ती सुमारे ३.६ किलोवॉट ओढते. बावीस जिनचे ७९ किलोवॉट. पंख्यांचे ५७, कन्व्हेयर आणि साफसफाईचे २४, प्रेसचे सरासरीने ३६, कार्यशाळा आणि आर्द्रता मिळून ६, ऑफिस आणि दिवे ९. बेरीज २११ किलोवॉट, म्हणजे ०.९ पॉवर फॅक्टरला २३४ केव्हीए. अग्निशमन पंप मी यात शून्य धरला आहे, आणि तो शून्य फुकट मिळत नाही. आग लागली की कापूस ओढणारे पंखे आणि जिन आपोआप बंद होतील अशी इंटरलॉक व्यवस्था आराखड्यात असली पाहिजे. ती व्यवस्था हेच इथलं कारण. तशीही ती हवीच, कारण चालू पंखा पेटलेली रुई नळीतून पुढच्या यंत्रात नेतो. सादर केलेल्या तक्त्यात मात्र अग्निपंपालाही ०.६ लावून २२ किलोवॉट धरले आहेत. असा पंप साठ टक्के कधीच चालत नाही. एक तर तो बंद असतो, नाहीतर पूर्ण भाराने चालतो, आणि त्याचा फीडर पूर्ण भाराला आणि सुरुवातीच्या प्रवाहालाही पुरला पाहिजे.

एकूण गुणक शेवटी ०.७ निघाला. ०.६ आणि ०.७ यांत फार अंतर दिसत नाही, पण रोहित्रावर त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. २०० केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह ४३३ व्होल्टला २६७ अँपिअर. कारखाना ओढणार ३१२. भार १७ टक्के जास्त, आणि वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती ३७ टक्के जास्त. घरांच्या रोहित्राला संध्याकाळी असा भार आला तर रात्री ते थंड होतं. हंगामातल्या जिनिंगला अशी रात्र नसते. वाइंडिंगमधल्या सर्वांत तप्त जागेचं तापमान मर्यादेपेक्षा दर सहा अंशांनी वाढलं की कागदी इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे रोहित्रांच्या भारविषयक मानकांत वापरलेलं गणित आहे. म्हणून असं रोहित्र पहिल्या हंगामात बहुधा काहीच तक्रार करत नाही, आणि याच कारणाने ही चूक इतकी वर्षं टिकते. कागद ठिसूळ होत जातो, आणि मग एखाद्या हंगामात प्रेस सुरू करताना किंवा लाइनवर शॉर्ट झाल्यावर तो धक्का सोसत नाही. बंद पडल्याची नोंद ‘रोहित्र निकामी’ अशी होते. कित्येक वर्षांपूर्वीच्या तक्त्यातल्या ०.६ पर्यंत कुणी मागे जात नाही.

हा ०.६ येतो तरी कुठून? कुणी तो हवेतून काढत नाही. विद्युत पॅनलसाठीच्या ६१४३९ या मानकमालेत एक तक्ता आहे. आउटगोइंग सर्किटवर प्रत्यक्ष भार किती येणार हे माहीत नसेल तर दोन-तीन सर्किटांना ०.९, चार-पाचांना ०.८, सहा ते नवांना ०.७ आणि दहा किंवा जास्त असतील तर ०.६ धरावा, असं तो सांगतो. प्रश्न आहे तो पॅनल किती तापेल याचा, आणि पहिली अट आहे भार माहीत नसण्याची. त्याच तक्त्यात मोटरसाठी वेगळी ओळ आहे: १०० किलोवॉटपर्यंतच्या मोटरला ०.८, त्याहून मोठीला १. चोवीस जिनच्या रांगेला ‘दहाहून जास्त सर्किटं’ म्हणून ०.६ लावणारा त्या मानकाचाच आधार घेऊन त्याच्याविरुद्ध जातो. तपासणाऱ्याने अशा वेळी ‘मानकानुसार’ या उत्तरावर समाधान मानू नये. कुठलं मानक, कुठला तक्ता, आणि तो तक्ता कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे विचारावं. दुसरा उगम याहून फसवा. जिनच्या पॅनलवर ०.८ लावलेला असतो. तो भार जिथे येतो त्या विभागीय पॅनलवर पुन्हा ०.८, आणि मुख्य पॅनलवर आणखी एकदा ०.८. प्रत्येक पान वेगळं पाहिलं तर रास्त वाटतं, पण तिघांचा गुणाकार ०.५१ होतो. वरच्या पातळीवर गुणक लावायला हरकत नाही. मात्र त्या पातळीवर दोन गटांच्या वेळा वेगळ्या असण्याचं नवं कारण दाखवता आलं पाहिजे. जिन आणि प्रेस यांच्यात असं नवं कारण नाही. जिन चालले की रुई येते, रुई आली की प्रेस चालते. आणि तिसरा उगम उलटा असतो: आधी ठरतं की रोहित्र २०० चं घ्यायचं किंवा जोडणी लघुदाबाच्या मर्यादेत बसवायची, आणि मग तिथे पोहोचेल असा गुणक लिहिला जातो. असा गुणक ओळखायची खूण म्हणजे अंतिम आकडा बाजारात मिळणाऱ्या मापावर अगदी नेमका येऊन बसतो. इथे १८० ला ०.९ ने भागून बरोबर २०० आले, तेव्हाच थांबायला हवं होतं.

इथून राखीव क्षमतेकडे यावं लागतं, कारण ‘उपलब्ध’ या शब्दामागे एक विचार दडलेला असतो: जोडभार ३०१, मागणी १८०, म्हणजे मधले १२१ किलोवॉट स्पेअरच की. हा हिशेब पूर्ण चुकीचा आहे. ते १२१ किलोवॉट रोहित्रात कधी घेतलेच नव्हते; ते वापरले जाणार नाहीत असं सांगून वगळले होते. जे वगळलं तेच पुन्हा शिल्लक म्हणून मोजता येत नाही. राखीव क्षमता मोजायची ती मागणी काढून झाल्यावर, तिच्यावर. आपल्या उदाहरणात २३४ केव्हीएवर २५ टक्के धरले तर २९३ होतात आणि पुढचं प्रमाणित माप ३१५ केव्हीए येतं. त्यावर आजचा भार सुमारे ७४ टक्के. २५ टक्केच का, हा प्रश्नही रास्त आहे आणि त्याचंही उत्तर कारणातच शोधावं. जिनिंगवाला पुढे काय करतो, ते साधारण ठाऊक असतं: जिनची संख्या वाढवतो, किंवा सरकी विकण्याऐवजी तेल काढायला एक्स्पेलर बसवतो. मालकाच्या मनात तेलघाणा असेल तर २५ टक्के अपुरे पडतील. तो जागेअभावी काहीच वाढवू शकत नसेल तर १५ पुरतील. हा प्रश्न मालकाला विचारलेला असावा आणि त्याचं उत्तर शेड्यूलच्या गृहीतकांत लिहिलेलं असावं.

राखीव क्षमता एका जागी असून भागत नाही, हे तपासणीत सर्वाधिक निसटतं. पॅनलमध्ये चार रिकामे फीडर ठेवलेले असतात आणि रेखाचित्रावर ‘स्पेअर’ असं लिहिलेलं दिसतं, म्हणून टिप्पणी बंद केली जाते. पण त्या चार फीडरांना पुरेल असा बसबार आहे का? बसबारला पुरेल असा इनकमर ब्रेकर आहे का, त्याला पुरेल अशी रोहित्रापासूनची केबल आहे का, आणि शेवटी रोहित्र आहे का? या साखळीत जिथे क्षमता सर्वांत कमी तिथेच खरी राखीव क्षमता मोजली जाते. आपल्या नमुन्यात ती शून्याखाली आहे, रिकामे फीडर चार असोत की चौदा. उलटही घडतं: रोहित्र ऐसपैस, पण पॅनल भिंतीला टेकलेलं, दोन्ही बाजूंनी वाढवायला जागा नाही, केबलची चर गच्च भरलेली. मग तेलघाणा आला की नवीन पॅनलसाठी हंगामात कारखाना बंद ठेवावा लागतो.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की आपल्याकडे खरा रोग उलटा आहे: सल्लागार भीतीपोटी सगळं फुगवून लिहितात, रोहित्रं अर्ध्याहून कमी भारावर चालतात, आणि पैसा वाया जातो. हे पुष्कळ ठिकाणी खरं आहे, विशेषतः घरसंकुलांत आणि कार्यालयांत, जिथे माणसांच्या वेळा खरोखर स्वतंत्र असतात आणि तरी ०.८-०.९ लावलेला दिसतो. पण कारण मागण्याची पद्धत या बाजूनेही चालते. जुळ्या मुशींच्या भट्टीला कुणी १ लावला असेल तर तपासणाऱ्याने तो खाली आणायला सांगितला पाहिजे. मी गुणक मोठा ठेवण्याची बाजू घेत नाही. सिद्ध न केलेला गुणक कुठल्याही दिशेने मान्य करू नये, इतकंच माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मोठं रोहित्र म्हणजे मोठी करार मागणी, आणि मागणी शुल्क दरमहा, बंद हंगामातही, डोक्यावर. या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. करार मागणी हा महावितरणशी केलेला करार आहे. तो आजच्या गरजेइतका ठेवावा आणि गरज वाढली की अर्ज करून वाढवावा. रोहित्र, बसबार, केबल आणि जागा या वस्तू आहेत. त्या नंतर वाढवता येतात, पण मोडतोड करून, हंगाम बुडवून आणि बहुधा दुप्पट खर्चाने. राखीव क्षमता वस्तूंत ठेवायची, करारात नाही. उलट करार मागणी खोट्या गुणकावर कमी नोंदवली तर तोटा लगेच होतो: नोंदलेली मागणी कराराच्या वर गेली की जादा भागाला दीडपट दराने शुल्क लागतं. रोहित्राचा स्वतःचा बिनभाराचा ऱ्हास मोठ्या मापात थोडा जास्त असतो, हे मान्य. पण भारामुळे होणारा ऱ्हास भाराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तिन्ही पाळ्या चालणाऱ्या कारखान्यात ७०-७५ टक्के भारावरचं रोहित्र शंभरीपार गेलेल्यापेक्षा हंगामात स्वस्तच पडतं. फक्त बंद महिन्यांत ते मुख्य लाइनपासून वेगळं करून ठेवण्याची सोय असावी.

तिसरा आक्षेप मी अनेक तंत्रज्ञांच्या तोंडचा समजतो: चूक झाली तरी ब्रेकर आहे ना, तो ट्रिप होईल. ब्रेकर ट्रिप होतो हे खरं. मग काय होतं, हे पाहायला हवं. आवारात कापसाने भरलेल्या गाड्या उभ्या आहेत, आणि दिवसातून तीनदा कारखाना थांबतो. तेव्हा ओव्हरलोडचं सेटिंग वर नेलं जातं, आणि ट्रिप होणं थांबतं. इथे गुणकाची चूक संरक्षणाच्या चुकीत बदलते, आणि ती अशा इमारतीत, जिथे हवेत तंतू आहेत आणि केबल ट्रेवर रुईचा थर बसतो. तपासणीच्या वेळी केबल २०० केव्हीएच्या हिशेबाने निवडलेली असते, वर नेलेल्या सेटिंगच्या हिशेबाने नाही. लोड शेड्यूलमधला गुणक हा सुरक्षेचा विषय होतो तो या वाटेने. म्हणून विद्युत निरीक्षकाच्या मंजुरीसाठी कागद जाण्याआधी हा प्रश्न सुटलेला असावा.

चौथा आक्षेप तपासणाऱ्याच्या अधिकाराचा: प्रक्रिया डिझायनरला माहीत, सही त्याची, बाहेरच्याने आकड्यात हात का घालावा? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच टिप्पणी प्रश्नाच्या रूपात हवी. ‘०.८ करावा’ लिहिलं की डिझायनर ०.८ करतो, टिप्पणी बंद होते, आणि जबाबदारी कुणाचीच राहत नाही. अग्निपंपालाही मग ०.८ लागतो. त्याऐवजी अशी टिप्पणी लिहिता येते: ‘जिन, पंखे, प्रेस आणि अग्निपंप यांना एकच गुणक ०.६ लावला आहे. प्रत्येक ओळीसमोर ती सतत चालते, अधूनमधून चालते की फक्त गरजेला, हे लिहावं. गुणक त्याप्रमाणे वेगळा द्यावा आणि कारण एका वाक्यात नोंदवावं. अग्निपंप मागणीतून वगळायचा असल्यास इंटरलॉकचा आराखडा जोडावा. राखीव क्षमता मागणीवर टक्क्यांत दाखवावी आणि ती रोहित्र, मुख्य केबल, बसबार व फीडर या चारही जागी तपासून द्यावी.’ या टिप्पणीत तपासणाऱ्याने एकही आकडा सुचवलेला नाही, तरी ती टाळता येत नाही. ‘नोंद घेतली’ असं उत्तर यावर चालत नाही, कारण कारण तरी लिहावं लागतं किंवा आकडा तरी बदलावा लागतो.

आणि कारण लिहायला पुरावा फार दूर शोधावा लागत नाही. उच्चदाब ग्राहकाच्या प्रत्येक वीजबिलावर त्या महिन्याची नोंदलेली कमाल मागणी केव्हीएमध्ये छापलेली असते. जिल्ह्यात जिनिंग कारखाने कितीतरी आहेत. तेवढेच जिन असलेल्या एखाद्या चालू कारखान्याची हंगामातली बिलं मालकाच्या ओळखीने मिळू शकतात. वर्षाची सरासरी घेऊ नये, बंद महिने ती खाली ओढतात. भर आवकीच्या महिन्यांतला सर्वांत मोठा आकडा घ्यावा, पॉवर फॅक्टरने गुणून त्याचे किलोवॉट करावेत, त्यांना जोडभाराने भागावं, आणि आपल्या तक्त्यातला गुणक त्याच्याशेजारी ठेवावा. दोन्हींत अंतर पडलं तर ते का, हे डिझायनरने सांगावं. असं एक बिल लोड शेड्यूलला जोडल्याशिवाय जिनिंगचा एकही तक्ता तपासून मंजूर करू नका, ही जिल्ह्यातल्या सल्लागारांना आणि विद्युत ठेकेदारांना माझी विनंती आहे.